छोटं ऑनलाइन दुकान विकत घेताना: नफ्याच्या किती पट, आणि कोणत्या नफ्याच्या?

चालू वेबसाइट किंवा ऑनलाइन दुकान विकायला निघालं की किंमत ठरवण्याची पद्धत जगभर साधारण एकच दिसते. वर्षाचा नफा घ्यायचा आणि त्याला एका आकड्याने गुणायचं. मालक स्वतः चालवतो अशा छोट्या दुकानांसाठी हा आकडा बहुधा दोन ते चारच्या मधे पडतो. पहिल्यांदा घेणारे सगळी घासाघीस याच आकड्यावर करतात. विक्रेता तीन पट मागतो, हे अडीचवर आणतात आणि खूश होतात. ज्या नफ्याला गुणायचं तो मात्र विक्रेत्याच्या एक्सेलमधून आहे तसा उचलला जातो. खरे पैसे तिथे जातात, कारण नफ्यात चुकून राहिलेला प्रत्येक रुपया किमतीत अडीच-तीन रुपये होऊन बसतो.

म्हणून या लेखात बराचसा वेळ नफ्यावर घालवू आणि पटीकडे नंतर येऊ. उदाहरण म्हणून पुण्यातलं एक दुकान कल्पू या. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला विकणारी वूकॉमर्सवरची साइट, चार वर्षं जुनी, प्रोप्रायटरशिप. नवरा-बायको दोघं चालवतात, पॅकिंगला एक मदतनीस आहे. आकडे समजून घेण्यापुरते आहेत, पण अशा दुकानांत खर्चाचं गणित साधारण असंच मांडलेलं असतं.

पहिली पायरी: विक्री म्हणजे नेमकं काय

विक्रेता म्हणतो, "साठ लाखांचं दुकान आहे." डॅशबोर्डवर गेल्या बारा महिन्यांच्या ऑर्डरी दिसतात ६०.४ लाखांच्या. ही रक्कम विक्रीची नव्हे, मागणीची. कॅश ऑन डिलिव्हरीवर चालणाऱ्या दुकानात काही पार्सलं दारापर्यंत जाऊन परत येतात. कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात, आणि त्याचं जाण्याचं भाडं दुकानालाच पडतं, बहुतेकदा येण्याचंही. आपल्या दुकानात रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी ७.९ लाखांच्या निघाल्या. उरले ५२.५ लाख. त्यात ग्राहकाने भरलेला ५ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा. तो वजा केला की खरी विक्री ५० लाख.

हे तपासायचं कसं? स्क्रीनशॉट बघून नाही. गेटवेचे सेटलमेंट रिपोर्ट, कुरिअर कंपनीने सीओडीचे पैसे पाठवल्याची स्टेटमेंटं, बँक स्टेटमेंट आणि दर महिन्याची जीएसटी रिटर्न, हे चार कागद महिन्यागणिक शेजारी ठेवायचे. पैसे दोन-चार दिवस उशिरा जमा होत असल्यामुळे महिना तंतोतंत जुळणार नाही, पण बारा महिन्यांची बेरीज जुळायला हवी. रिटर्नमधली विक्री बँकेतल्यापेक्षा बरीच कमी दिसली आणि विक्रेता "ते आपलं तसंच असतं" म्हणाला, तर दोन गोष्टी कळतात. एक, नफ्यात न भरलेला कर मिसळलेला आहे. दोन, जो आकडा तो सरकारला दाखवू शकत नाही त्याचे तो तुमच्याकडे तिप्पट मागतो आहे. किंमत ठरवताना रिटर्नमध्ये आहे तेवढीच विक्री धरा.

डॅशबोर्ड बघायचाच असेल तर व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला समोर लॉगिन करायला लावा आणि तारखांची मर्यादा तुम्ही सांगा.

दुसरी पायरी: मालकाच्या हाती येणारा नफा

या व्यवहारांत ज्या नफ्याला गुणतात तो सीएने काढलेला करपात्र नफा नसतो. त्याला एसडीई म्हणतात. एका मालकाने पूर्ण वेळ काम करून दुकान चालवलं, तर वर्षाअखेर त्याचा पगार आणि नफा मिळून त्याच्या हाती किती राहतं, तो हा आकडा. त्यात त्या एका मालकाचा पगार वजा करत नाहीत. कर्जाचं व्याज, घसारा आणि प्राप्तिकरही वजा करत नाहीत, कारण ते नव्या मालकाचे वेगळे असणार. आपल्या विक्रेत्याने प्रोप्रायटर म्हणून पगार घेतलेला नाही आणि त्याच्या एक्सेलमध्ये व्याज, घसारा नाहीत, तेव्हा इथे त्यांचा हिशोब करावा लागत नाही.

विक्रेत्याच्या एक्सेलमध्ये ५० लाखांच्या विक्रीसमोर हे खर्च आहेत:

- मसाल्याचा कच्चा माल, दळण, पाऊच: २१ लाख
- कुरिअर, परतीच्या पार्सलांसह: ७.२ लाख
- मेटा आणि गूगलच्या जाहिराती: ८.४ लाख
- गेटवे आणि सीओडीचं शुल्क: ०.९ लाख
- होस्टिंग, सॉफ्टवेअर, हिशोबनीस: ०.६ लाख
- मदतनिसाची मजुरी: १.८ लाख
- साइटचं नवं डिझाइन आणि फोटो: ०.८५ लाख
- मालकाचा फोन, पेट्रोल वगैरे: ०.६५ लाख

एकूण खर्च ४१.४ लाख, शिल्लक ८.६ लाख. इथून विक्रेता काही खर्च परत नफ्यात मिळवतो. डिझाइन आणि फोटो "एकदाच होते", म्हणून ०.८५. पेट्रोल आणि फोन "घरचेच", म्हणून ०.६५. आणि दिवाळीआधी एका एजन्सीकडून केलेली जाहिरात "फसली, पुन्हा करणार नाही", म्हणून आणखी १.२ लाख. झाले ११.३ लाख. गुणिले तीन, म्हणजे ३३.९ लाख, वर माल वेगळा.

खर्च परत मिळवणं यात गैर काही नाही, ती पद्धतच आहे. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हा खर्च नव्या मालकाला करावा लागेल का? डिझाइनचे ६० हजार दरवर्षी लागणार नाहीत, मान्य. फोटोंचे २५ हजार लागतील, कारण नवा मसाला आला की नवे फोटो आले. फोन-पेट्रोलची बिलं बघून ६५ हजार मान्य केले. फसलेली जाहिरात मात्र अजिबात नाही. जाहिरातीवर जगणाऱ्या दुकानात काही प्रयोग फसणं हा त्या धंद्याचा नेहमीचा खर्च आहे. पुढच्या वर्षी तुमचेही फसतील. यशस्वी जाहिरातींची विक्री ठेवायची आणि फसलेल्यांचा खर्च पुसायचा, हे चालत नाही.

मग उलटा प्रश्न, जो विक्रेता स्वतःहून कधी काढणार नाही: नव्या मालकाला करावा लागेल असा कोणता खर्च या यादीत नाहीच?

आपल्या उदाहरणात तीन सापडतात. पहिला, बायकोचं काम. ती व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्राहकांना उत्तरं देते, सीओडीच्या ऑर्डरी फोन करून पक्क्या करते, तक्रारी निस्तरते. एसडीईमध्ये एका मालकाचं काम फुकट धरतात, दोघांचं नाही. हे अर्धवेळ काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायचं तर महिना दहा हजार तरी लागतील, म्हणजे वर्षाला १.२ लाख. दुसरा, जागा. माल घरातल्या एका खोलीत राहतो, त्याचं भाडं कुठेच नाही. तुम्हाला खोली घ्यावी लागेल. महिना पाच हजार धरले तर ६० हजार.

तिसरा खर्च बारीक नजरेचा आहे आणि अन्नाच्या धंद्यात हमखास चुकतो. एक्सेलमध्ये २१ लाख लिहिले आहेत ती वर्षातली खरेदी आहे, वर्षात खपलेला माल नव्हे. मिरचीची मोठी खरेदी हंगामात होते. ब्याडगी, संकेश्वरी मिरची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरपूर येते आणि मसाला करणारे वर्षाची बेगमी तेव्हाच करून ठेवतात. वर्षाच्या सुरुवातीला विक्रेत्याकडे ४.६ लाखांचा माल होता, शेवटी ३.४ लाखांचा राहिला. म्हणजे खपलेला माल २१ नाही, २२.२ लाखांचा. आधीचा साठा खाऊन १.२ लाखांचा नफा फुगलेला दिसतो. विकायचं ठरल्यावर मालक नवी खरेदी हात आखडून करतो, यात बनवाबनवी असतेच असं नाही, पण परिणाम तोच.

```
एक्सेलमधला नफा              ८.६०
+ डिझाइन                     ०.६०
+ मालकाचे घरचे खर्च          ०.६५
− बायकोच्या कामाचा मोबदला    १.२०
− जागेचं भाडं                ०.६०
− साठ्यातून खपलेला माल       १.२०
मालकाच्या हाती येणारा नफा    ६.८५ लाख
```

विक्रेता म्हणत होता ११.३. फरक ४.४५ लाखांचा. तीन पटीने गुणल्यावर तो १३ लाखांच्या पुढे जातो. पटीवर आठवडाभर वाद घालून एवढे कमी झाले नसते.

कोणते बारा महिने?

सरळ मागचे सलग बारा. विक्रेता "गेल्या तीन महिन्यांची सरासरी गुणिले चार" म्हणाला तर कॅलेंडर बघा. बहुधा त्या तीन महिन्यांत दिवाळी बसलेली असते. वेबसाइटींच्या बाजारात काही दलाल वार्षिक पट सांगतात, काही मासिक. "२९ पट" ऐकून दचकू नका, मासिक नफ्याच्या २९ पट म्हणजे वार्षिक नफ्याच्या जेमतेम २.४ पट. फक्त तो मासिक नफा बारा महिन्यांच्या सरासरीचा आहे, गेल्या चांगल्या महिन्याचा नाही, हे विचारून घ्या. शेवटच्या सहा महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच सहा महिन्यांशी करा. विक्री उतरणीला लागली असेल तर बारा महिन्यांची सरासरीही तुम्हाला फसवते, कारण तिच्यात जुने चांगले महिने आहेत.

तिसरी पायरी: पट

पट म्हणजे उलटी करून पाहिली तर परताव्याचा दर. २.४ पट म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला सुमारे ४२ टक्के. शेअर बाजारातल्या कंपन्या याच्या कितीतरी पट महाग मिळतात, मग हे दुकान एवढं स्वस्त का? दोन कारणं. त्या ४२ टक्क्यांत तुमची वर्षभराची मजुरीही आहे. आणि हा नफा नाजूक आहे.

नाजूक म्हणजे किती, ते मोजता येतं. आपल्या दुकानाचा जाहिरातखर्च ८.४ लाख आहे. तेवढेच ग्राहक आणायला उद्या २५ टक्के जास्त पैसे लागले, तर खर्च २.१ लाखांनी वाढेल आणि नफा ६.८५ वरून ४.७५ लाखांवर येईल. एका ओळीत थोडी हालचाल आणि तीस टक्के नफा गेला. जाहिरातीचा दर मेटा ठरवणार, तुमच्या हातात काही नाही. अशीच चाचणी आरटीओवर, मिरचीच्या भावावर करून बघा. ज्या दुकानाचा नफा या धक्क्यांनी कमी हलतो त्याला जास्त पट द्यायला हरकत नाही.

नुसत्या लेखांवर चालणाऱ्या साइटींत हा धक्का गूगलकडून येतो. सप्टेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या क्रमवारीत केलेल्या बदलांनंतर कित्येक छोट्या साइटींची वाचकसंख्या कोसळली. त्यांच्या बाबतीत सर्च कन्सोलमधला या दोन तारखांच्या आधीचा आणि नंतरचा आलेख बघितल्याशिवाय पटीची चर्चाच सुरू करू नये.

आपल्या दुकानासाठी मी २.५ पासून सुरुवात करेन. जमेच्या बाजूला, चार वर्षांचा इतिहास आहे आणि ४५ टक्के ऑर्डरी जुन्या ग्राहकांच्या आहेत. जुना ग्राहक जाहिरातीशिवाय येतो, त्यामुळे मसाल्याच्या दुकानात मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो; तो साइटवरून ऑर्डरींची यादी उतरवून, फोन नंबरवरून स्वतः मोजा. उण्या बाजूला, इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या रील्समध्ये मालकीणबाई स्वतः आहेत. लोक त्यांच्या हातचा मसाला म्हणून घेतात. त्या गेल्या की विक्रीचं काय होईल हे कोणीच सांगू शकत नाही. शिवाय दळण एकाच कांडप यंत्रावर होतं आणि मसाल्याची प्रमाणं कुठे लिहिलेली नाहीत. प्रमाणं लिहून मिळणार असतील, बाई तीन महिने सोबत राहून शिकवणार असतील, तर २.४. नाहीतर मी दोनच्या वर जाणार नाही.

"अ‍ॅमेझॉनवर टाकलं की विक्री दुप्पट होईल" असं विक्रेता म्हणेल. होईलही. पण ते तुम्ही करणार, तुमच्या पैशाने आणि तुमच्या जोखमीवर, तेव्हा त्याचे पैसे त्याला कशाला?

६.८५ गुणिले २.४ म्हणजे १६.४४ लाख. ही दुकानाची किंमत: डोमेन, साइट, नाव, ग्राहकयादी, इन्स्टाग्राम पान, मसाल्याची प्रमाणं.

माल वेगळा मोजायचा

साठा या किमतीत धरत नाहीत, तो खरेदीच्या भावाने वेगळा घेतात आणि ताबा घेण्याच्या दिवशी मोजतात. विक्रेत्याचा आकडा ३.४ लाख. यातला मुदत जवळ आलेला मसाला बाजूला काढा. छापील पाऊच तर नीट बघा. पॅक करणारा बदलला की लेबलावरचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांकही बदलावा लागतो, कारण परवाना त्या माणसाच्या नावावर असतो. पोतंभर सुंदर पाऊच तुमच्यासाठी रद्दी असू शकतात. हे वगळून कामाचा माल २.७ लाखांचा उरला. एकूण १९.१ लाख.

या किमतीत तुम्हाला परवडतं का?

हा हिशोब विक्रेत्याशी नाही, स्वतःशी करायचा. समजा १२ लाख कर्ज काढलं, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता सुमारे ४१ हजार, म्हणजे वर्षाला ४.९ लाख. ६.८५ लाखांतून तो भरला की उरले १.९ लाख, महिना सोळा हजार, तेही प्राप्तिकराआधी आणि पूर्ण वेळ राबून. एखादा महिना वाईट गेला तर हप्ता खिशातून. मला विचाराल तर एवढं कर्ज या दुकानाला पेलत नाही. सहा लाखांच्या आत ठेवा, नाहीतर थांबा. नोकरी सांभाळून दुकान माणसाकडून चालवून घ्यायचा विचार असेल तर आधी त्या माणसाचा पगार नफ्यातून वजा करा. महिना २५ हजार धरले तर उरतात ३.८५ लाख, म्हणजे १९.१ लाखांवर जेमतेम २० टक्के.

आणि ताबा जानेवारीत घेत असाल तर मिरचीची हंगामी खरेदी तुमच्या दाराशी उभी आहे. तो पैसा किमतीच्या वर लागतो आणि कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

पैसे कसे द्यायचे

सगळे एकदम देऊ नका. या उदाहरणात ताब्याच्या दिवशी ११.४४ लाख आणि मोजलेल्या मालाचे पैसे, उरलेले पाच लाख सहा महिन्यांनी. जुन्या ग्राहकांची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या ८० टक्क्यांखाली गेली तर ते पाच लाख किती घटतील, हे करारात आकड्यांत लिहा. मालकीणबाईंच्या चेहऱ्याची जोखीम अशी दोघांत वाटली जाते. पट कमी करण्यापेक्षा विक्रेते हे लवकर मान्य करतात, निदान ज्यांचा आपल्या दुकानावर विश्वास असतो ते.

विक्रेत्याने उद्या नव्या नावाने तोच मसाला विकू नये, असं कलम हवंच. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार धंदा न करण्याचे करार एरवी टिकत नाहीत, पण धंद्याचं नाव-पत विकली तर ठराविक स्थानिक हद्दीपुरती अशी अट घालता येते. ऑनलाइन दुकानाला ही हद्द कशी लिहायची हे वकिलाला ठरवू द्या. प्रोप्रायटरशिपचा जीएसटी क्रमांक विक्रेत्याच्या पॅनला बांधलेला असतो, तो तुमच्याकडे येत नाही. गेटवेचं खातंही तुमच्या नावाने नवं काढावं लागतं. चालू धंदा म्हणून एकत्र घेतला की माल, डोमेन, नाव अशा तुकड्यांनी घेतला, यावर जीएसटी वेगळा पडतो. सीएला सही करायच्या आधी विचारा.

ताब्याच्या दिवशी डोमेनचं रजिस्ट्रार खातं, होस्टिंग, मेटाचं बिझनेस खातं आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर यांचा ताबा समोर बसून घ्यायचा आणि मगच पैसे सोडायचे. यात नंबर बहुधा विसरला जातो. जुने ग्राहक ऑर्डर त्याच नंबरवर पाठवतात, आणि ते सिमकार्ड विक्रेत्याच्या खिशातच असतं.